होस्टेलला निघालेल्या मुलामुलींना काय द्यावं? इंदूरच्या नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये मुलींच्या होस्टेलची रेक्टर होते. जुलैमध्ये मुली येताना काय काय घेऊन येतात आणि मे महिन्यात खोली रिकामी करताना काय टाकून जातात, ही दोन्ही टोकं माझ्या डोळ्यांसमोरून गेलेली आहेत. त्यामुळे बारावीचे निकाल लागले की लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंतच्या आत्या, माम्या आणि मावश्यांचे फोन सुरू होतात. मूल कधी पुण्याला निघालेलं असतं, कधी नागपूरला, कधी भोपाळला, पण प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

भेट घ्यायच्या आधी कुणाला काय विचारू?

मुलाला "तुला काय हवं?" असं विचारू नका. एक तर तो "काही नको" म्हणेल, नाहीतर हेडफोन म्हणेल. प्रवेश मिळाला की होस्टेलची नियमावली हातात येते, तिचा फोटो मागवून घ्या. त्यात काय बंद आहे ते कळतं. बाकीचं त्याच होस्टेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाकडून कळतं. असा सीनियर शोधणं आता अवघड नाही, प्रत्येक कॉलेजच्या नव्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो.

त्या सीनियरला चार गोष्टी विचारायच्या. कॉट किती रुंद आहे, कपाटाला कुलूप लावायची सोय कशी आहे, प्लग पॉइंट किती आहेत आणि कॉटपासून किती लांब आहेत, आणि मेसमध्ये नाश्त्याला काय असतं. खालची निम्मी उत्तरं या चार गोष्टींवर उभी आहेत. कॉट कुठे अडीच फुटी असते, कुठे तीन. अंदाजाने घेतलेली वस्तू इथेच फसते.

पाणी तापवायची केटल देते. चहाला, मॅगीला होईल ना?

सगळ्यात जास्त दिली जाणारी आणि सगळ्यात जास्त जप्त होणारी वस्तू हीच. इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड आणि इस्त्री यांचीही तीच गत. रेक्टर खवट असते म्हणून ही बंदी नाही, कारण भिंतीत आहे.

खोलीतला साधा प्लग पॉइंट 6 अँपिअरचा असतो. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची, म्हणजे त्या पॉइंटवरून जास्तीत जास्त 1380 वॉट घेता येतात. घरगुती केटल बहुतेक वेळा 1500 वॉटची असते आणि रॉडही 1000 ते 1500 चा. म्हणजे एकट्या केटलनेच मर्यादा ओलांडली. त्यात होस्टेलमध्ये एका वायरवर अनेक खोल्या जोडलेल्या असतात. सकाळी सात वाजता चार खोल्यांत चार केटली लागल्या की एमसीबी पडतो आणि अख्खा मजला अंधारात जातो. तो पडला तर नशीब म्हणायचं. जुन्या इमारतीत कधी तो पडतच नाही आणि वायर आतल्या आत तापत राहते. प्लग काढताना पिना हाताला गरम लागल्या, सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसला किंवा जळकट प्लॅस्टिकचा वास आला, तर हेच चाललेलं आहे असं समजायचं.

"छोटी ट्रॅव्हल केटल तर 600 वॉटचीच असते" असं दुकानदार सांगतो आणि ते खरंही असतं. पण तपासणीत वॉट कोणी मोजत बसत नाही, केटल दिसली की ती कार्यालयात जमा होते. नियमावलीत स्पष्ट परवानगी असेल तरच घ्या. नाहीतर चांगला अर्ध्या लिटरचा थर्मास द्या. मेसमधून गरम पाणी भरून आणलं की रात्रीच्या कॉफीची सोय झाली.

मग एक्स्टेन्शन बोर्ड तरी चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालतो, आणि दिसायला रुक्ष असला तरी वर्षभर रोज वापरला जातो. लॅपटॉपचा चार्जर साधारण 65 वॉट, फोनचा वीस-तीस, छोटा दिवा दहा. सगळं मिळून दीडशेच्या आत राहतं, त्यामुळे पॉइंटवर ताण येत नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे बोर्डाची स्वतःची पिन छोटी, 6 अँपिअरची हवी. दणकट दिसतो म्हणून काही जण मोठ्या 16 अँपिअरच्या पिनेचा बोर्ड उचलतात आणि होस्टेलच्या छोट्या सॉकेटमध्ये तो जातच नाही. दुसरी, आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस 1293 हा आकडा. प्लग आणि सॉकेटचं मानक ते आहे. तिसरी, वायरची लांबी. कॉट आणि पॉइंटमधलं अंतर तुम्ही आधीच विचारलेलं आहे, त्यापेक्षा अर्धा-एक मीटर जास्त घ्या. पॉइंट टेबलापाशी आणि उशी समोरच्या भिंतीला, असं फार वेळा असतं, आणि मग दीड मीटरचा बोर्ड खोलीच्या मधोमध लोंबकळतो.

महाराणी रोडवर विजेच्या सामानाच्या दुकानात मागाल तर दुकानदार टेस्टिंग बोर्डवर लावून दाखवतो. दाखवत नसेल तर पुढचं दुकान गाठा, तिथे दुकानांना तोटा नाही.

कुलूप भेट म्हणून देणं विचित्र दिसत नाही का?

दिसतं. आत्याने दिलेलं कुलूप बघून पोरं हसतात. पण पहिल्या रात्री होस्टेलमध्ये सगळ्यात आधी लागणारी वस्तू कुलूपच असते, आणि बहुतेकांनी ते आणलेलं नसतं. मग होस्टेलसमोरच्या दुकानातून मिळेल ते घेतात आणि सहा महिन्यांत ते गंजतं.

कुलूप घेताना माणसं त्याचा देह बघतात, पण बघायची असते ती वरची वाकडी दांडी. होस्टेलच्या लोखंडी कपाटाच्या कडी-कोयंड्याचं भोक लहान असतं. त्यात घराच्या दाराचं जाड दांडीचं कुलूप शिरत नाही. यावर माझा उपाय पेन्सिलचा आहे. त्या सीनियरला सांगायचं, कपाटाच्या कोयंड्यातून साधी पेन्सिल घालून बघ. पेन्सिल साधारण 7 मिलिमीटर जाड असते. ती सहज गेली तर 6 मिलिमीटर दांडीचं कुलूप नक्की जाईल. अडकली तर आणखी बारीक दांडीचं घ्यायचं. दुकानात मोजपट्टी लावून बघायला लाजू नका.

पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचं घ्या. मूल पुण्या-मुंबईकडे निघालेलं असेल तर नक्कीच, कारण तिकडचा पावसाळा आपल्या माळव्यासारखा नाही. आकड्यांचं कुलूप मुलांना आवडतं, पण आकडा पहिल्या आठवड्यात सगळ्या खोलीला पाठ होतो, तेव्हा किल्लीचंच बरं. तीन किल्ल्या येतात. एक मुलाकडे, एक घरी आईकडे, आणि तिसरी कॉलेजच्या बॅगेत आतल्या कप्प्याला सेफ्टी पिनने अडकवलेली. तिन्ही किल्ल्या एकाच छल्ल्यात ठेवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. रात्री साडेनऊला सुताराला बोलवायची वेळ येते ती त्यांच्यामुळे.

एकाच किल्लीने उघडणाऱ्या दोन कुलपांची जोडी मिळाली तर उत्तम. एक कपाटाला, दुसरं बॅगेला.

आजीला तिच्या साड्यांची गोधडी द्यायची आहे. होस्टेलमध्ये निभेल का?

द्याच. फक्त घरच्यासारखी जाड करू नका. चार-पाच साड्यांची गोधडी कोरडी असतानाच दोन-अडीच किलोची होते. भिजली की एकट्या मुलीला पिळताही येत नाही. होस्टेलच्या मशीनमध्ये ती नीट फिरत नाही आणि पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही. मग तिला कुबट वास येतो, ती कपाटाच्या तळाशी जाते आणि मे महिन्यात तिथेच सापडते. आजीच्या हातचे टाके असे गाठोड्यात बघवत नाहीत.

त्यापेक्षा पातळ दुलई शिवा. हिशेब सोपा आहे. नऊवारी साडी साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी जास्त रुंद असते. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की एक थर, उरलेल्या दोघांचा दुसरा. मध्ये आईच्या एखाद्या जुन्या मऊ सुती साडीचा एकच थर घाला. वरून धावदोरा. कडा कापून दुलई पाच फूट बाय साडेसहा फूट ठेवली की कॉटवर बरोबर बसते आणि खाली लोळत नाही. थंडीत पुण्याचा पारा रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेवढ्याला अशी दुलई आणि वर एक चादर पुरते. ग्वाल्हेर, दिल्लीकडे जाणाऱ्या मुलाला मात्र पुरणार नाही. तिथे रजईच हवी आणि ती तिथेच विकत घ्यावी.

शिवायच्या आधी साडीचा रंग जातो का ते बघा. ओला पांढरा रुमाल काठावर आणि पदरावर दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर ती साडी बाहेरच्या थराला नको, नाहीतर पहिल्याच धुण्यात रूममेटचा पांढरा कुडता गुलाबी होईल आणि भांडणाची सुरुवात आजीच्या साडीपासून होईल.

चादरी द्यायच्या असतील तर 60 बाय 90 इंचाच्या सिंगल चादरी अडीच फुटी आणि तीन फुटी दोन्ही कॉटना चालतात. इलास्टिकच्या घेऊ नका, गादीचं माप नेमकं माहीत नसतं. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये गडद छापील सुती चादरी भरपूर मिळतात. पांढऱ्या आणि मोतिया रंगाचा मोह टाळा.

खाऊ किती आणि कोणता?

इंदूरची माणसं इथे हात आखडता घेत नाहीत. दोन किलो शेव, किलोभर लाडू, चकल्यांचा डबा आणि वर सराफ्यातून काहीतरी. पण होस्टेलमध्ये फ्रिज नसतो. कपाट बंद असतं, खोलीत दोघी-तिघी असतात आणि पहिल्या आठवड्यात अख्खा मजला चव बघून जातो. त्यात गैर काही नाही, मैत्री अशीच होते. पण दोन किलोंचं एकच पाकीट उघडलं की पावसाळी हवेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेव नरम पडते. म्हणून शेव घ्यायची तर दोनशे ग्रॅमच्या बंद पाकिटांत घ्या. एक फोडायचं, ते संपलं की दुसरं. लवंग शेव एखाद-दुसरंच पाकीट ठेवा, तिखट आहे, सगळ्या रूममेट्सना झेपत नाही.

लाडू बेसनाचे किंवा डिंकाचे, आणि पंधरा-वीसच. बेसन मंद आचेवर चांगलं खरपूस भाजलेलं हवं, कारण कच्चट भाजलेला लाडू आधी बिघडतो. खवा, ओलं खोबरं आणि दूध असलेलं काहीही देऊ नका.

पण माझ्या मते खाऊपेक्षा मेसचं जेवण सुधारणाऱ्या गोष्टी जास्त टिकतात आणि जास्त आठवणीत राहतात. मेटकूट, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी. ही सगळी कोरडी, पाणी नावाला नाही, म्हणून महिना-दीड महिना आरामात राहतात. मेसचा भात गिचका असला तरी त्यावर मेटकूट आणि चमचाभर तूप पडलं की तो घरचा होतो. आणि इंदूरच्या मुलासाठी जीरावन. नुसती पाव किलोची बाटली द्या. पुण्याच्या मेसचे पोहे चांगले असतात, वर खोबरं-कोथिंबीरही असते, पण आपल्या मुलांना त्यावर शेव आणि जीरावन नसलं तर ते पोहे वाटतच नाहीत. जीरावन उकडलेल्या बटाट्यावर चालतं, काकडीवर चालतं, फिक्या डाळीतही चालतं. सियागंजला सुटं मिळतं. पण सुटं घेतलंत तर ते घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरणीत भरून द्या, पिशवीत नको. आणि सोबत एक छोटा स्टीलचा चमचा त्याच बरणीला दोऱ्याने बांधा. ओला चमचा आत गेला की मसाल्याचे गोळे होतात आणि मग बुरशी. चटण्या अशा बिघडतात, जुन्या झाल्याने फार क्वचित.

बर्तन बाजारातून काही घ्यायचं का?

घ्या, पण सेट नको. एक ताट, एक वाटी, दोन चमचे आणि एक रुंद तोंडाची स्टीलची बाटली. इतकंच. आणि दुकानातच नाव घालून घ्या. पूर्वी आहेराच्या भांड्यांवर नावं घालत, ती पद्धत होस्टेलसाठी जणू नव्याने उपयोगी ठरली आहे. एकसारख्या चाळीस बाटल्या वॉटर कूलरपाशी रांगेत उभ्या असतात. दुकानदाराकडे कंप पावणारी कोरायची पेन असते, दोन मिनिटांचं काम. मुलीचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर पुरे. खोली क्रमांक घालू नका, दुसऱ्या वर्षी खोली बदलते. फोन नंबर तर मुळीच नको.

बाटली बरोबर एक लिटरची घ्या. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

औषधांची पिशवी भेट म्हणून देऊ का? मी डॉक्टर नाही.

तरी देऊ शकता, फक्त साधी ठेवा. थर्मामीटर, बँडेजच्या पट्ट्या, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं. घरात उरलेली अँटिबायोटिकं भरून देऊ नका. मुलाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती चिठ्ठीवर लिहून पिशवीतच ठेवा, कारण मुलाला ताप आला तर पिशवी उघडणारा रूममेट असेल.

ओआरएसच्या मोठ्या पाकिटावर "एक लिटर पाण्यात" असं लिहिलेलं असतं. मुलं ते ग्लासभर पाण्यात ढवळतात आणि खारट लागतं म्हणून टाकून देतात. त्यात मीठ-साखरेचं प्रमाण मोजूनमापून ठेवलेलं असतं, पाणी कमी घातलं की ते बिघडतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. हातात लिटरची बाटली असली की मोजायचा प्रश्नच उरत नाही. पूर्ण पाकीट, पूर्ण बाटली, हलवायची आणि दिवसभर घोट घोट प्यायची. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं.

लॅपटॉप घेऊन देणार आहोत. आत्ताच घेऊ का?

थांबा. कोणत्या शाखेला कोणतं सॉफ्टवेअर लागतं ते वर्ग सुरू झाल्यावर कळतं. आर्किटेक्चरच्या मुलाला लागणारा लॅपटॉप आणि बी. कॉम.च्या मुलाला लागणारा लॅपटॉप यांच्या किमतीत दुपटीचा फरक पडू शकतो. तोपर्यंत क्लिप लावायचा, चार्ज होणारा वाचनाचा दिवा द्या. रूममेट झोपली आणि आपली परीक्षा असली की त्याची किंमत कळते.

पाकिटात पैसे घालून देणं सोपं नाही का? पाचशे एक?

सोपं आहे आणि मुलांना आवडतंही. पण ते पहिल्या पंधरवड्यात पिझ्झ्यात जातात. पैशांचीच भेट द्यायची असेल तर माझं मत दिवाळीच्या तिकिटाला. मूल पहिल्यांदा घर सोडून जातं तेव्हा त्याचं खरं लक्ष लागलेलं असतं दिवाळीच्या सुट्टीकडे, आणि नेमकं तेच तिकीट मिळत नाही. पुण्याहून इंदूरला येणारी गाडी दिवाळीत उघडल्या उघडल्या भरते, आणि बसवाले त्या आठवड्यात तोंडाला येईल ते भाडं सांगतात.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. म्हणजे मुलाला 5 नोव्हेंबरला पुण्याहून निघायचं असेल तर आरक्षण 6 सप्टेंबरला सकाळी आठ वाजता उघडेल. ही तारीख कॅलेंडरवर तुम्ही लिहून ठेवायची, त्याने नव्हे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला घरी यायचं तिकीट सुचणार नाही, त्याचे सबमिशन चाललेले असतात. आरक्षण उघडल्यावर सुरुवातीच्या वेळेत आयआरसीटीसीवर आधार जोडलेलं खातंच चालतं, तर ते काम आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी करून ठेवा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका, घरचं लाडाचं नाव नको. आणि परतीचं तिकीटही त्याच हिशेबाने काढा. पोरं घरी येतात, परत जायचं मात्र वेटिंगवर राहतं.

भेट म्हणून देताना छोटं कार्ड लिहायचं: "दिवाळीचं जायचं-यायचं तिकीट माझ्याकडून, तारीख कळव." कळवताना मात्र परीक्षेचं वेळापत्रक बघून कळव म्हणावं, काही विद्यापीठांच्या परीक्षा दिवाळीला अगदी खेटून असतात.

आम्ही सात-आठ नातेवाईक आहोत. सगळ्यांनी एकच वस्तू आणली तर?

आणतातच. तीन पाण्याच्या बाटल्या आणि चार परफ्यूम, हा नेहमीचा हिशेब. गेल्या वर्षी माझ्या बहिणीची नात इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, तेव्हा काय केलं ते सांगते.

आधी एकीने, म्हणजे तिच्या आत्याने, सूत्रं हातात घेतली. तिने सीनियरकडून माहिती काढली. कॉट अडीच फुटी, कपाट लोखंडी, कोयंड्यात पेन्सिल जाते पण घट्ट, प्लग पॉइंट दोन मुलींत एकच आणि तो दाराशी, नाश्त्याला आलटून पालटून पोहे-उपमा. केटल बंद, बोर्डाला हरकत नाही. मग तिने कोण काय देणार ते ठरवलं. वस्तूवर हट्ट धरायचा नाही, असं सगळ्यांना आधीच बजावलं.

आजीची पातळ दुलई. मोठ्या काकांचा तीन मीटरचा बोर्ड, कारण दार लांब. आत्याने स्वतः कुलपांची जोडी घेतली, आणि पेन्सिल घट्ट गेली म्हणून 5 मिलिमीटर दांडीची शोधून आणली. मामीने चटण्या, मेटकूट आणि जीरावन. शेजारच्या काकूंनी नाव घातलेलं ताट-वाटी आणि बाटली. धाकटी मावशी भोपाळला असते, तिने वाचनाचा दिवा ऑनलाइन थेट होस्टेलच्या पत्त्यावर पाठवला, वजनही वाचलं. मामाने दिवाळीचं तिकीट. मुलीचा एक चुलतभाऊ गिटार द्यायला निघाला होता. त्याला दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत थांबवलं.

सगळं मिळून वजन साडेसात-आठ किलोच्या आत राहिलं. हे महत्त्वाचं, कारण तिचे कपडे आणि पुस्तकं आधीच वीस किलोंच्या वर होती. स्लीपर आणि थर्ड एसीत 40 किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येतं, तेव्हा रेल्वेची अडचण नव्हती. अडचण होती ती पुणे स्टेशनपासून होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत, जिथे लिफ्ट बंद होती. बादली, मग, झाडू, दोरी, चिमटे यातलं काहीही इंदूरहून नेलं नाही. ते होस्टेलजवळच्या दुकानात अर्ध्या तासात मिळालं.

पॉवर बँक?

10,000 एमएएचची पुरे. विमानाने जाणार असेल तर ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

मुलासाठी आणि मुलीसाठी वेगळं काही?

फारसं नाही. मुलांना चादरी, चटण्या आणि औषधं लागत नाहीत असा एक समज आहे, तो खोटा आहे. उलट मुलांच्या होस्टेलमधल्या रेक्टर मंडळींचं म्हणणं असं, की कुलूप आणि नाव घातलेलं ताट मुलांनाच जास्त लागतं. मुलाला सुई-दोऱ्याची छोटी डबी आणि चार शर्टाची बटणं द्या, आणि निघायच्या आधी एक बटण त्याच्याकडून लावून घ्या.

काय अजिबात देऊ नये?

काचेच्या फोटोफ्रेम, मोठे टेडी, वासाच्या मेणबत्त्या (आगीच्या भीतीने बहुतेक होस्टेलांत बंद), चिनी मातीचे मग, आणि पाच किलो वजनाची "मजबूत" बॅग. परीक्षेची जाडजूड गाइडं तर नकोच. खजुरी बाजारातून पुस्तक घ्यायचंच असेल तर मुलीला स्वतःला सोबत न्या आणि कोऱ्या वह्या घेऊन द्या, त्या नक्की वापरल्या जातात.

भेट कधी द्यावी?

निघायच्या आठ दिवस आधी. बॅग भरायच्या वेळी वस्तू समोर असली की ती जागेवर बसते, आणि नको असलेली शांतपणे घरी ठेवता येते. इंदूर स्टेशनवर, गाडी हलायच्या पाच मिनिटं आधी, खिडकीतून नमकीनचा खोका आत सरकवणारे मामा दरवर्षी असतात. तो खोका पुण्यापर्यंत मांडीवर जातो. उशीर झालाच असेल तर त्याच्या पहिल्या महिन्याच्या शेवटी कुरिअर करा. तोपर्यंत मामीचं जीरावन संपलेलं असतं.